रोजचे ९३ रुपये कुठे जातात?

*माझं वय ४२. शिरोली एमआयडीसीत नोकरी. नऊ वर्षांपासून एका इक्विटी फंडात महिना दहा हजारांची एसआयपी चालू आहे, आज वीस लाखांच्या आसपास झालेत. आमच्या तालमीतले एक जुने मित्र वितरक आहेत, तेच सगळं बघतात. त्यांनी माझ्याकडून आजवर एक रुपया फी घेतलेली नाही. पुण्याला शिकणारा मुलगा दिवाळीला आला आणि म्हणाला, "पप्पा, तुमचा प्लॅन रेग्युलर आहे, खर्च १.७ टक्के. डायरेक्टमध्ये ०.७ आहे. लाखो रुपये घालवताय." एका टक्क्यानं लाखो कसे जातील? स्टेटमेंटमध्ये तर कुठं काही कापल्याचं दिसतही नाही. निवृत्तीला १८ वर्षं आहेत. बदलावं का? आणि मित्राला काय सांगू?*
*– एक वाचक, कोल्हापूर*

स्टेटमेंटमध्ये काही दिसत नाही हे खरं आहे. खर्च तुमच्या खात्यातून कापलाच जात नाही, तो फंडाच्या एकूण पैशातून जातो, आणि तुमच्यापर्यंत आकडा पोचण्याआधी जातो. बाजार बंद झाल्यावर फंडाकडच्या सगळ्या शेअर्सची त्या दिवसाची किंमत काढतात, त्यातून वर्षाच्या खर्चाचा एका दिवसाचा वाटा वजा करतात, आणि उरलेल्या रकमेला युनिट्सच्या संख्येनं भागतात. आलेलं उत्तर म्हणजे तुम्ही मोबाइलवर बघता तो एनएव्ही. वर्षाला १.७ टक्के म्हणजे वीस लाखांवर ३४ हजार, दिवसाला ९३ रुपये. आज गेले, उद्या जातील, रविवारचेही जातील. बाजार पडला तरी ते थांबत नाहीत. फंड वर्षात दहा टक्के घसरला तर त्या घसरणीत हा खर्चही मिळवलेला असतो, वेगळा दिसत नाही एवढंच.

इथं एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण तुमचा मुलगाही कदाचित तो करत असेल. फंडाच्या माहितीपत्रकात 'गेल्या पाच वर्षांत इतके टक्के परतावा' असं लिहितात, तो आकडा खर्च वजा करूनच दिलेला असतो. त्यातून पुन्हा १.७ वजा करू नका. मात्र पत्रकात रेग्युलर आणि डायरेक्ट असे दोन वेगळे आकडे असतात. तुमचा कुठला, ते बघून वाचा.

आता तुमच्या मित्रानं फी घेतली नाही, त्याबद्दल. त्यांनी तुमच्या हातून घेतली नाही हे खरंच, पण त्यांना पैसे मिळतात. २००९ च्या आधी इक्विटी फंडात पैसे भरताना दोन-सव्वादोन टक्के सुरुवातीलाच कापून जायचे आणि त्यातून वितरकाला कमिशन मिळायचं. सेबीनं १ ऑगस्ट २००९ पासून ते बंद केलं. २०१८ मध्ये फंड कंपन्यांनी वितरकाला सुरुवातीला एकरकमी कमिशन देण्याची पद्धतही सेबीनं थांबवली. आज उरलंय ते फक्त ट्रेल कमिशन: तुमचे पैसे फंडात असेपर्यंत, त्या दिवशीच्या किमतीवर, दरवर्षी. ते १.७ टक्क्यांच्या आतच बसलेलं असतं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवावाच लागतो, त्यात हे कमिशन नसतं. शेअर्स तेच, मॅनेजर तोच, फंडाचं नावही तेच. तुमच्या फंडातला १.७ आणि ०.७ मधला एक टक्का आहे तो हा.

तुमच्या मित्राला नेमके किती मिळाले हे विचारायची वेळही यायची नाही. मार्च आणि सप्टेंबर संपल्यावर जे सहामाही एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं, त्यात फंडाच्या नावासमोर त्या सहा महिन्यांत वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते पीडीएफ पासवर्ड लागतो म्हणून कुणी उघडत नाही. उघडा. त्याच ओळीत तुमच्या प्लॅनचा सरासरी खर्चही सापडेल.

एका टक्क्याचे लाखो कसे होतात, ते तुमच्याच आकड्यांवर बघू. समजा, खर्च काढण्याआधी फंडातले शेअर्स वर्षाला १२ टक्क्यांनी वाढले. हे गृहीतक आहे, वचन नव्हे. रेग्युलरमध्ये तुमच्या वाट्याला १०.३ येतात, डायरेक्टमध्ये ११.३. आजचे वीस लाख आणि पुढची १८ वर्षं महिना दहा हजार असं धरलं, तर रेग्युलरमध्ये शेवटी साधारण १ कोटी ७६ लाख होतात. डायरेक्टमध्ये २ कोटी ३ लाख. फरक २७ लाखांचा. मुलगा फार चुकलेला नाही.

पण २७ लाख 'कापून घेतले' असं म्हणाल तर तेही खरं नाही. मी प्रत्येक वर्षीचा जादा एक टक्का वेगळा काढून बेरीज केली. पहिल्या वर्षी तो वीस-बावीस हजार असतो, म्हणजे रोजचे ५५-६० रुपये. रक्कम वाढते तसा तोही वाढतो आणि शेवटच्या वर्षी दीड लाखाच्या पुढे जातो. अठरा वर्षांची अशी बेरीज होते पावणेचौदा लाखांच्या आसपास. मग उरलेले साडेतेरा लाख कुठले? ते कुणाच्याच खिशात गेले नाहीत. पहिल्या वर्षी जे वीस हजार गेले, ते फंडात राहिले असते तर सतरा वर्षं वाढत राहिले असते. ती न झालेली वाढ म्हणजे नुकसानीचा निम्मा भाग. कमिशनच्या रकान्यात तो कधी येणार नाही, कारण तो कुणाला मिळालेलाच नाही. म्हणून नुसतं 'कमिशन किती दिलं' एवढंच बघणाऱ्याला नुकसान निम्मंच दिसतं.

गुजरीत दागिना केला की मजुरी एकदा देऊन आपण मोकळे होतो. तोच दागिना दर पाडव्याला सराफाकडे नेऊन, त्या दिवशीच्या सोन्याच्या भावावर पुन्हा मजुरी द्यावी लागली, आणि तीही दागिन्यातलंच थोडं सोनं काढून, तर अठरा वर्षांनी हातात किती वजन राहील? फंडाच्या या खर्चाची, म्हणजे एक्स्पेन्स रेशोची, आकारणी अशी आहे. दुकानातल्या दोन टक्के सुटीशी त्याची तुलना करून आपण फसतो. सूट एका खरेदीवर असते. हा टक्का मुद्दल, जुनी वाढ आणि नवी वाढ अशा सगळ्या ढिगावर असतो, आणि दरवर्षी असतो.

टक्का लहान वाटतो याला दुसरंही कारण आहे: आपण तो शंभराशी ताडतो. तो ताडायचा कमाईशी. बारातले १.७ गेले म्हणजे कमाईचा सातवा हिस्सा गेला. महागाई सहा टक्के धरली तर खरी कमाई सहाच उरते, आणि १.७ म्हणजे तिचा चौथा हिस्सा तरी झाला. याच हिशेबानं डेट फंडातला एक टक्का जास्त बोचतो. तिथं मुळात सात टक्केच मिळत असतात. वहिनींच्या नावावर तसा काही फंड असेल तर आधी तो तपासा.

माझ्या गृहीतकांवर भरवसा ठेवू नका असंही सांगतो, कारण तुमच्या फंडाचा खरा इतिहास दोन मिनिटांत तपासता येतो. फंड २०१३ च्या आधीचा असेल तर त्याच्या दोन्ही प्लॅनचे आजचे एनएव्ही शेजारी शेजारी लिहा. ग्रोथ पर्यायाचे घ्या, लाभांशाचे नकोत. २०१३ च्या जानेवारीत डायरेक्ट प्लॅन रेग्युलरच्याच एनएव्हीवर सुरू झाले. त्या दिवशी दोघं एका रेषेत उभे होते. त्यानंतर जे अंतर पडलं ते फक्त खर्चाचं. डायरेक्टचा आकडा रेग्युलरपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी वर दिसला, तर फंडानं एवढ्या वर्षांत साधारण एक टक्का जादा घेतलाय असं समजा. पाचच टक्क्यांनी वर असेल तर तुमचं नुकसान मी मांडलं त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि मग घाई करायचं कारण नाही. डायरेक्टचा एनएव्ही जास्त म्हणजे 'ते महाग पडतं' असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांचा तर्क बरोबर उलटा आहे. तो आकडा जास्त आहे कारण त्यातून कमी काढलंय.

बदलावं का? तुमच्याकडे १८ वर्षं आहेत, म्हणून हो. पण इथं बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. जुनी एसआयपी बंद करून डायरेक्टमध्ये नवी सुरू करतात, आणि साठलेले वीस लाख तिथंच सोडतात, 'नवीन तरी बरोबर जाऊ दे' म्हणून. तुमच्या २७ लाखांपैकी नव्या एसआयपीचा वाटा आहे फक्त साडेसहा लाख. उरलेले वीस लाखांहून जास्त जुन्या ढिगावरचे आहेत. भोक तिथं आहे.

एसआयपी बदलायला कर लागत नाही. ती लगेच बदला. जुनी रद्द करण्याची विनंती हप्त्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी टाका, नाहीतर एका महिन्यात दोन्ही हप्ते जातील आणि बँकेत पैसे कमी पडले तर दंडही बसेल.

जुन्या वीस लाखांना मात्र कर आहे. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच केलं की पैसे बँकेत येत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की हा व्यवहार नुसता कागदावरचा. आयकर खात्याच्या लेखी ती विक्री आहे आणि लगेच केलेली नवी खरेदी. तुम्ही आजवर भरले १० लाख ८० हजार, म्हणजे नफा झाला साधारण ९ लाख २० हजार. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिट्सवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. सगळं एका दिवसात हलवलंत तर सेससह लाखभराच्या थोडा वर कर होईल. तीन आर्थिक वर्षांत वाटलंत तर सव्वा लाखाची सवलत तीनदा मिळते आणि कर सत्तर-बाहत्तर हजारांवर येतो. मधल्या काळात फंड वाढला तर थोडा जास्त. तीन आर्थिक वर्षं म्हणजे तीन वर्षं थांबायचं असं नव्हे. एक भाग मार्चमध्ये, दुसरा त्याच एप्रिलमध्ये, तिसरा पुढच्या एप्रिलमध्ये. तेरा-चौदा महिन्यांत काम संपतं.

हा कर वाढीव खर्च आहे असंही मी म्हणणार नाही. पैसे काढताना तो कधीतरी द्यावाच लागणार होता, तुम्ही आधी देताय. तरी रोख जाते आहे म्हणून हिशेब सांगतो. जादा एक टक्का वाचल्यानं सत्तर हजार साडेतीन-चार वर्षांत भरून निघतात. कर त्याच रकमेतून गेला असं धरलं तरी या जुन्या वीस लाखांवर शेवटी तुम्ही पंधरा लाखांच्या आसपास पुढे असता. निवृत्ती तीन वर्षांवर असती तर मी म्हणालो असतो, जुनं हलवू नका, नुसती एसआयपी बदला.

शेवटचे बारा हप्ते मात्र मागे ठेवा. बऱ्याच इक्विटी फंडात वर्षाच्या आत बाहेर पडलं तर एक टक्का एक्झिट लोड लागतो, आणि वर्षाच्या आतल्या नफ्यावर कर वीस टक्के आहे. विकताना सगळ्यात जुनी युनिट्स आधी जातात, त्यामुळे 'सगळी युनिट्स' ऐवजी नेमकी रक्कम भरली की हे आपोआप सांभाळलं जातं. फंड करबचतीचा असेल तर प्रत्येक हप्त्याला तीन वर्षांचं कुलूप स्वतंत्र असतं, तेवढं बघून घ्या. स्विचची विनंती फंडाच्या वेबसाइटवर किंवा एमएफ सेंट्रलवर करता येते. कागदावरच करायचं असेल तर कॅम्स किंवा केफिनटेक, जे तुमच्या फंडाचं काम बघतात त्यांच्या सेवा केंद्रात.

आता मित्र. दीड-दोन टक्क्यांचा विषय निघाला की लोक वितरकाला चोर ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मार्च २०२० मध्ये बाजार महिनाभरात तिसऱ्या हिश्श्यानं पडला होता, आठवतंय? त्या वेळी तुम्ही त्यांना फोन केला होता का, आणि ते काय म्हणाले? 'एसआयपी थांबवू नका' असं त्यांनी सांगितलं असेल आणि तुम्ही ऐकलं असेल, तर आजवरचं कमिशन त्यांनी कमावलंय. भेदरून त्या महिन्यात विकणाऱ्याचं नुकसान कित्येक वर्षांच्या खर्चापेक्षा मोठं होतं. उलट नऊ वर्षांत त्यांनी एक फॉर्म भरून दिला आणि त्यानंतर फक्त दिवाळीचं कॅलेंडर दिलं असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. ढीग दोन लाखांचा होता तेव्हा त्यांचं काम जेवढं होतं तेवढंच तो वीस लाखांचा झाल्यावरही आहे, आणि मोबदला मात्र दहापट झालाय. १८ वर्षांनी तो आणखी आठ-नऊपट होईल.

म्हणून त्यांना सरळ सांगा. आडून आडून नको, कारण डायरेक्टमध्ये गेलात की त्यांच्या यादीतून तुमची रक्कम कमी झालेली त्यांना दिसणारच आहे. तालमीत दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. 'मोठी रक्कम डायरेक्टला नेतोय, मुलानं सांभाळायचं ठरलंय' एवढं पुरे. सल्ला हवाच असेल आणि तो ठरावीक फी देऊन घ्यायचा असेल, तर सेबीकडे नोंदणी केलेले गुंतवणूक सल्लागार असतात. ते कमिशन घेऊ शकत नाहीत, तुमच्याकडूनच फी घेतात. वर्षाला पाच-दहा हजार फी दिली तरी तुमच्या रकमेला ती आज वाचणाऱ्या वीस हजारांपेक्षा कमी पडते, आणि रक्कम वाढली म्हणून आपोआप वाढत नाही. आणि बाजार कोसळल्यावर मोबाइलवर एका बोटानं सगळं विकून टाकण्याचा स्वभाव असेल, तर मित्राकडेच राहा. हे मी गंभीरपणे सांगतोय.

एक-दोन गोष्टी मुलाच्या कानावर घाला. कमी खर्च म्हणजे चांगला फंड असं होत नाही. एकाच फंडाच्या दोन प्लॅनमध्ये किंवा एकाच निर्देशांकाच्या दोन इंडेक्स फंडांमध्ये ही तुलना चोख लागू पडते. मिडकॅप फंड आणि लिक्विड फंड यांचे खर्च शेजारी ठेवून काही कळत नाही. आणि खर्च कायमचा ठरलेला नसतो. सेबीनं वरची मर्यादा घातलेली आहे, फंड मोठा होईल तशी ती खाली येते, पण तिच्या आत कंपनी दर बदलू शकते. मूळ खर्च वाढवायचा असेल तर आधी कळवावं लागतं. ते ईमेल जाहिरातीच्या ढिगात पडून राहतं. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, फंडाच्या वेबसाइटवर आजचा दर बघून घ्यायची सवय त्यालाच लावा. आज ०.७ असलेला डायरेक्ट उद्या १.१ झाला तर वरचा सगळा हिशेब बदलतो.

नवी एसआयपी सुरू झाल्यावर पहिल्या हप्त्याची पावती नीट वाचा. काही बँकांची आणि काही फुकट म्हणवणारी ॲप्स रेग्युलर प्लॅनच विकतात. ॲपवरून केलं म्हणजे डायरेक्टच झालं, असं धरून चालू नका. फंडाच्या नावात 'डायरेक्ट' हा शब्द हवा, आणि वितरकाच्या रकान्यात एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक नको, तिथंही 'डायरेक्ट'च हवं. क्रमांक दिसला तर दुसरा हप्ता जायच्या आत थांबवा. आणि नवीन फोलिओ उघडला गेला असेल तर जुन्या फोलिओचं नामनिर्देशन तिथं आपोआप येईल असं समजू नका. वहिनींचं नाव त्यात आहे का, ते त्याच पावतीवर बघून घ्या.